रफार आधी की नंतर

दुपारी मामाचा फोन, म्हणे ती नोटीस टाईप करून पाठव. त्याची नजर आता अधू झालीये, मेसेज फोनच मोठ्याने वाचून दाखवतो, पण स्क्रीनशॉट आला की त्याचा फोन गप्प. चित्रातून अक्षरं काढणारी ॲप्स असतात, माहितीये, पण ती नेमकी जोडाक्षरात माती खातात आणि मग तपासण्यात तेवढाच वेळ जातो. त्यापेक्षा हाताने टाईप केलेलं बरं.

पहिलाच शब्द 'सर्वांना'. फोटोत रफार आहे पार त्या काना आणि टिंबाच्या शेजारी, वरती गर्दी करून. डोळ्याने जसं दिसतं तसं डावीकडून उजवीकडे मारत गेलं तर स, व, काना, टिंब, आणि आता र, पाय मोडका, पुढे ना, म्हणजे झालं 'सवांर्ना', रफार जाऊन बसला ना च्या डोक्यावर. खरा क्रम तोंडात असतो. 'सर्' म्हणून झाल्यावर 'वांना' म्हणतो ना आपण, मग टायपिंगही तसंच: स, र, पाय मोडका, व, काना, टिंब, न, काना. रफार वर कुठे चढवायचा ते फॉन्ट बघून घेतो. पहिल्या वेलांटीचंही तेच, दिसते अक्षराच्या आधी पण मारायची नंतर.

आता हे हाताला पटत नाही आणि त्याला कारण शाळा. शाळेत आम्ही अख्खा शब्द लिहायचो, वरची रेघ ओढायचो आणि मग सगळ्यात शेवटी, सावकाश, रफार द्यायचो. बाई वहीवरून बोट फिरवत यायच्या आणि नुसतं "टोपी राहिली" म्हणायच्या, कुठल्या शब्दाची ते आपण शोधायचं. माझ्या शेजारची मुलगी तर आधी पूर्ण ओळ लिहायची आणि मग सगळे रफार एका दमात देत सुटायची, एखादा चुकून भलत्याच डोक्यावर पडायचा. जुन्या टाईपरायटरवरही रफार मागूनच मारत. काही पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की 'मार्च' चा 'माचर्' होतो तो अशातूनच, आत अक्षरं दिसण्याच्या क्रमाने साठवलेली असतात, उच्चाराच्या नाही.

पुढचा शब्द 'कर्मचाऱ्यांनी'. यात र दोनदा, दोन्ही अर्धे, आणि दोघांचं रूप वेगळं. पहिला रफार, तो साधा, र ला पाय मोडका आणि म. दुसराही तसाच मारला की होतं 'कर्मचार्यांनी', आणि हे मोठ्याने वाचून बघा, जीभ य वर आपटते. तिथे तो आडवा, पापणीसारखा र हवा. त्यासाठी खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा (इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून र ची की), मग पाय मोडका, मग य. काहीजण साध्या र ला पाय मोडून मध्ये एक न दिसणारं चिन्ह घालतात, झीरो विड्थ जॉइनर म्हणतात त्याला. दिसायला दोन्ही सारखंच, पण आत वेगळं, त्यामुळे एका पद्धतीने टाईप केलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडेलच असं नाही, आणि माणूस स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेत बसतो. ओळखायचं कसं, तर कर्सर 'ऱ्यां' च्या नंतर ठेवायचा आणि बॅकस्पेस मारत मागे यायचं. जोडाक्षर एकेक साल सोलल्यासारखं उलगडतं. वरचं टिंब गेलं, काना गेला, य गेला, पाय गेला आणि खाली टिंबवाला ऱ उरला की समजायचं पहिला प्रकार. मला हा प्रकार विनाकारण करायलाही आवडतो, कोणी बघत नसेल तर.

'क्रमांक' आणि 'राष्ट्रीय' त्या मानाने गरीब, क असो की ट, पाय मोडून पुढे र मारला की तो आपोआप खाली लटकतो. 'कृपया' मध्ये मात्र र नाहीच, ते क ला लावायचं वेगळं चिन्ह आहे, पण ऐकून टाईप करणारे हमखास क्रुपया करतात. म्हणजे नुसत्या कानावरही भरवसा नाही, झालंच.

शेवटी आलं 'पध्दतीने'. फोटो मोठा करून बघितला, कारण 'पद्धत' मध्ये द अर्धा आणि ध पूर्ण, छापताना ध बहुतेक द च्या पोटाखाली चिकटतो. इथे स्वच्छ अर्धा ध आणि मग पूर्ण द. म्हणजे धूसर नव्हतं, नोटिशीतच चुकलंय. सुधारू की ठेवू? मामाचा फोन काय वाचेल कोण जाणे. सही त्यांची, शिक्का त्यांचा, मी कोण. तशीच ठेवली आणि पाठवून दिलं.