आधी वारा ठरवा

संक्रांतीच्या तोंडावर भाच्याला पोस्टर हवं होतं. नागपुरात जुनी शुक्रवारीच्या रस्त्यावर तो दर हिवाळ्यात पतंगांचं दुकान मांडतो, आणि यंदा त्याला कोडीच्या भावात सेल लावायचा होता. शब्दांवरून चित्र बनवणारं ॲप त्याच्या मोबाइलवर होतंच. मला फक्त ‘चांगल्या भाषेत’ वर्णन लिहून द्यायचं होतं. त्याची मागणी तशी सरळ होती. रंगीबेरंगी पतंग, थंडीचं स्वच्छ ऊन आणि पतंगांनी भरलेलं आकाश.

एवढ्याच शब्दांवर त्याने आधी स्वतः एक चित्र काढून पाहिलं होतं. चित्र देखणं होतं, पण त्यातले पतंग नागपूरच्या बापजन्मात कोणी उडवले नसतील. लांबुडके, चौकटीच्या इक्क्यासारखे, आणि खाली रिबिनींची दहा हात शेपटी. विलायती समुद्रकिनाऱ्यावर मुलं उडवतात तसे. खाली घुमट, झरोके आणि राजस्थानी हवेली. शिवाय भाच्याने वर्णनात नागपूर लिहिलं होतं म्हणून कोपऱ्यात संत्र्यांची टोपली. “मामा, हे काय दिसून राहिलं बे,” असं तो म्हणाला. त्यातलं ‘बे’ मोबाइलला उद्देशून होतं, असं मी धरून चाललो.

पतंगाचा इलाज सोपा निघाला. आपला पतंग हा लढाऊ पतंग, हे आधी सांगायचं आणि मग त्याची हाडं मोजायची. जवळजवळ चौकोनी पातळ कागद, मधून उभी कामटी, वर धनुष्यासारखी वाकवलेली आडवी कमान, बुडाला कागदाचं छोटं त्रिकोणी शेपूट. आपल्या पतंगाला लांब शेपूट नसतं, कारण त्याला स्थिर राहायचंच नसतं. दोरा ढिला सोडला की तो गिरक्या घेतो आणि खेचला की नाक असेल त्या दिशेने सुटतो. पेच लढवायचा तर हे लागतं. रिबिनींची शेपटी लावली तर तो बिचारा एका जागी शहाण्यासारखा उभा राहील आणि पहिल्याच पेचात कटेल. एवढं लिहिल्यावर पतंग आपले झाले. हवेलीच्या जागी सिमेंटची सपाट गच्ची, कठडा आणि काळ्या पाण्याच्या टाक्या लिहिल्या. नागपूर काढून टाकलं, तशी संत्रीही गेली.

खरी गोम उन्हाची होती. ‘थंडीचं स्वच्छ ऊन’ असं लिहिलं की चित्रात सगळीकडे सारखा पिवळा उजेड पसरतो, हळद सांडल्यागत. ऊन कुठून येतंय ते कळत नाही. माणसांचे चेहरेही उजळ आणि त्यांच्या पाठीमागचा सूर्यही उजळ. म्हणून भाच्याला घेऊन मी चार वाजता गच्चीवर गेलो आणि म्हटलं, आता नुसतं पाहा.

मेच्या अखेरीस नागपुरात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावरून जातो. जानेवारीच्या मध्यावर मात्र तो दुपारीसुद्धा दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून सुमारे 47 अंशांवर. त्याचं माथ्यावर येणंही आपल्या घड्याळाने साडेबाराच्या थोडं आधी होतं. संध्याकाळी चार वाजता तो नैर्ऋत्येला उतरतो आणि उरते जेमतेम 22 अंशांची उंची. पाच फुटी माणसाची सावली तेव्हा बाराएक फूट लांब पडते. हवा कोरडी असली तर त्या सावलीची कड ब्लेडने कापल्यासारखी स्पष्ट असते. हिवाळी ऊन आपण ओळखतो ते त्या लांब, धारदार सावलीवरून. उन्हाच्या रंगाने ते तेवढं ओळखू येत नाही.

त्यात वाऱ्याची भर पडते. आपल्याकडे या दिवसांत वारा बहुतेक उत्तरेकडून किंवा ईशान्येकडून येतो. पतंग वाऱ्याबरोबर जातात, म्हणजे दक्षिणेला, नैर्ऋत्येला. आणि दुपारनंतर सूर्यही तिकडेच. म्हणूनच संक्रांतीला आमचा सारा महाल भाग डोळ्यांवर आडवा हात धरून आभाळाकडे बघत असतो आणि ज्यांना कधी चष्मा लागला नाही ती पोरंही त्या दिवशी गॉगल लावून फिरतात. आपण पतंग पाहतो ते सूर्याकडे तोंड करून. उजेड पतंगाच्या मागून येतो, पातळ कागदातून आरपार झिरपतो आणि राणी रंगाचा ताव पेटल्यासारखा दिसतो. कामटी आणि कमान त्यात काळ्या रेषांनी उमटतात. जिथे दोन रंगांचे कागद एकमेकांवर चिकटवलेले असतात, तिथे एक गडद पट्टी दिसते. पतंगांचा बाजार इतका रंगीत दिसण्याचं निम्मं श्रेय या वाऱ्याला आहे. वारा उलटा असता तर तेच पतंग समोरून उजळले असते, आणि मग ते रंगवलेल्या पुठ्ठ्यासारखे दिसतात. भाच्याच्या पहिल्या चित्रात तसेच दिसत होते.

एक अडचण मात्र होती. सूर्याच्या बाजूचं आकाश निळं नसतं. तिथे ते पांढुरकं असतं, आणि भाच्याला तर गर्द निळं आकाश हवं होतं. पण सूर्यापासून साधारण काटकोनात मान वळवली की सगळ्यात गडद निळा सापडतो. चार वाजता दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं तर सूर्य उजवीकडे येतो. डावीकडे, आग्नेयेच्या बाजूला, आकाश आपोआप गर्द होत जातं. वारा ईशान्येचा असल्याने पतंगांची गर्दीही उजवीकडेच झुकलेली. म्हणजे झळाळते पतंग उजवीकडे, रिकामं निळं आकाश डावीकडे, आणि सेलची पांढरी अक्षरं बसवायला तीच जागा. वारा आणि सूर्य ठरवले तर पोस्टरची मांडणी करायला वेगळा कलाकार लागत नाही. भाच्याला हे पटायला दोन कप चहा लागला.

गर्दीचं गणित त्यामानाने पटकन सुटलं. ‘शंभर पतंग’ लिहून उपयोग नसतो, ॲपला नीट मोजता येत नाही. आणि सगळे पतंग एकाच मापाचे आले की आकाश भरत नाही, त्याची छापील चादर होते. दोन-तीन मोठे, अगदी जवळ, त्यातला एक चौकटीबाहेर अर्धा कापलेला. मग मधल्या मापाचे थोडे. बाकी सगळे दूरचे, तिळाएवढे ठिपके. आकाश भरल्याचा भास हे तीळच देतात.

शेवटी मी दिलेलं वर्णन असं होतं. इंग्रजीत दिलं, कारण भाच्याचं ॲप मराठीत निम्मं सोडून देतं.

```
Indian fighter kites (patang), square tissue paper,
bamboo spine and bow, short paper tail; two or three
large and near, many tiny and far, all drifting right.
Concrete rooftop, black water tanks, people seen from
behind. Low January sun outside upper right, paper
backlit and glowing, long sharp shadows toward viewer.
Empty deep blue sky at upper left.
```

यात ‘शेपटी नको’, ‘हवेली नको’ असं काही नाही, हे भाच्याने लगेच हेरलं. या यंत्रांपुढे नको म्हणून जिचं नाव घ्यावं ती गोष्ट बरेचदा चित्रात येऊन बसते. हवं ते सांगावं आणि नकोशाचं नावच काढू नये.

तरी आलेलं चित्र तपासावं लागतंच, आणि मी तपासतो ते दोऱ्यापासून. बोट ठेवून पतंगापासून हातापर्यंत यायचं. आमच्या चित्रात एक दोरा ढगात संपत होता, एक पतंगाच्या शेपटाला बांधलेला होता आणि एका काकांच्या दोन्ही हातांत चक्री होती तरी त्यांच्या कानातून तिसरा दोरा निघत होता. दोरा कन्नीला बांधलेला हवा, आणि कन्नी पतंगाच्या पोटावर, उभ्या कामटीवर असते. एक गाठ कमानीपाशी, दुसरी खाली. दूरच्या पतंगांचे दोरे तर मी सरळ पुसायला लावले. वीस-पंचवीस हातांपलीकडे दोरा कोणाला दिसतो? शिवाय ॲपने काढलेले दोरे जाड, चकचकीत आणि पोपटी होते. असा झगमगता दोरा पाहिला की नागपूरकराला नायलॉनचा मांजाच आठवणार. राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर 2017 मध्ये देशभर बंदी घातली, तरी दर संक्रांतीला दुचाकीवाले गळ्याला मफलर गुंडाळूनच बाहेर पडतात. दुकानात सुती मांजा विकायचा आणि पोस्टरवर नायलॉनचा लोंबवायचा, हे मला पटेना. जवळच्या तीन पतंगांना बारीक पांढरा दोरा ठेवला आणि तो थोडा झोळ पडलेला, कारण ताणलेल्या तारेसारखा दोरा फक्त चित्रातच असतो.

अक्षरं ॲपकडून काढून घेण्याचा मोह भाच्याने एकदा केला. ‘संक्रांत सेल’ची ‘सक्रांन सेत’ झाली आणि त्यावर एक मात्रा अधांतरी उडत होती. मग अक्षरं फ्लेक्सवाल्याकडे त्याच्या संगणकावर बसवली. त्याने एक गोष्ट आधीच बजावली. पडद्यावर पेटलेली राणी छपाईत एक पायरी मंदावते, तेव्हा नमुना छापून पाहा आणि मगच मोठा काढा. नमुन्यात ती मंदावलीच. मग शेजारचं आकाश थोडं गडद केलं, रंगाला हात लावला नाही, आणि राणी परत उठून दिसू लागली.

पोस्टर लागलं. तिसऱ्या दिवशी भाच्याचा फोन आला.

“मामा, तुम्ही ती मोठी पतंग कोणती टाकली हो पोस्टरात? राणी अन् पिवळी, मधात हिरवा गोल?”

“ॲपने काढली. का रे?”

“लोकं तीच मागून राहिले ना! माझ्याकडं चांदतारा आहे, पट्टेदार आहे, डोळेवाली आहे. हे नाही. एक काकू तर म्हणे, फोटोत दाखवता अन् देत नाही.”

“मग?”

“मग काय, कागद आणला. पोरं बसली आहेत चिकटवत. पण तो हिरवा गोल किती इंचाचा घेऊ, तेवढं पाहून सांगा ना.”