पेस्तोसमोरचा ४

इटलीत फिरायला गेलेल्या मराठी मंडळींना भाषेची अडचण आली की ती आम्हाला फोटो पाठवतात. तिकिटं, पाट्या, औषधांची खोकी आणि सगळ्यात जास्त मेन्यू. त्या संध्याकाळी तुरिनहून एका बाईंनी मेन्यूचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मुलीला काजू-पिस्त्याची अ‍ॅलर्जी आहे. डॉक्टरांनी बदाम, अक्रोड, हेझलनट सगळंच बंद केलंय. टेबलावर बसलोय. काय मागवू?"

फोटो तिरका होता आणि पानाची खालची कड कापली गेली होती. पदार्थांची नावं मात्र स्वच्छ वाचता येत होती आणि प्रत्येकासमोर बारीक आकडे होते. युरोपीय संघाच्या नियमानुसार १४ अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला द्यावीच लागते. बरीच रेस्टॉरंटं ती आकड्यांत देतात आणि कोणता आकडा कशाचा ते पानाच्या तळाशी छापतात. नेमका तोच तळ फोटोत नव्हता.

नियमाच्या यादीत नट्सचा क्रमांक ८ आहे आणि या पानावर ८ कुठेच दिसत नव्हता. म्हणजे सगळंच चालेल, असं कुणालाही वाटलं असतं. पण माझी नजर 'त्रोफिए अल पेस्तो'वर अडली. त्रोफिए म्हणजे पीळ दिलेला आखूड पास्ता. त्यावर तुळशीच्या जातीच्या बेसिल नावाच्या पाल्याची, चीज आणि ऑलिव्ह तेल घातलेली चटणी. त्याच्यासमोर ४, ५, ६. नियमाच्या क्रमाने हे मासे, शेंगदाणे आणि सोया झाले. पेस्तोत मासे कुठून येणार? आणि पास्ता आहे तर गव्हाचा १ कुठे गेला?

खालच्या ओळीत 'वितेल्लो तोन्नातो' होतं. उकडलेल्या वासराच्या मांसाचे गार पातळ काप आणि वर ट्यूना मासा घातलेलं मेयोनेज. समोर ९, १०, १४. नियमाप्रमाणे १४ म्हणजे शिंपले-कालवं. इथे तर मासे आणि अंडी यायला हवीत. मग लक्षात आलं, यांनी घटक इटालियन वर्णक्रमाने लावलेले असणार. तसं मोजलं की ९ म्हणजे मासे, १० म्हणजे मांस उकडताना घालतात ती सेलरी आणि १४ म्हणजे अंडी. पेस्तोचे ५ आणि ६ झाले ग्लूटेन आणि दूध. आणि ४ झाला नट्स.

मी लगेच लिहिलं, "पेस्तो नको. आणि पानाच्या अगदी तळाचा फोटो पाठवा." तो आला. क्रम वर्णानुक्रमेच होता.

पेस्तोची पारंपरिक कृती पाइनच्या बियांची, आपल्या चिलगोज्यासारख्या. त्या बिया १४ घटकांत येत नाहीत. म्हणून पेस्तोसमोर नट्सचा आकडा दिसला की मला आधी काजूची शंका येते, कारण तयार पेस्तोत स्वस्त पडतो म्हणून काजू सर्रास घालतात. वेटरला विचारायला सांगितलं. पेस्तो बरणीतला होता आणि बरणीवर काजू लिहिलेले होते.

मुलीला गोड हवं होतं. तिने 'बोनेत' निवडलं होतं, समोर ६ आणि १४, म्हणजे दूध आणि अंडी. कागदोपत्री निर्धोक. पण बोनेत हे त्या भागातलं चॉकलेटचं पुडिंग आणि त्यात अमारेत्ती नावाची बिस्किटं कुस्करून घालतात. ती बदामाची असतात, कधी जर्दाळूच्या बीची, कधी दोन्हींची. नावावरून काही कळत नाही, फोटोत बिस्किटाचा तुकडाही दिसत नाही. मेन्यूत लिहिलेलं आणि पदार्थात सहसा असणारं, या दोन गोष्टी मी नेहमी वेगळ्या कळवते. म्हणून लिहिलं, "आकडा नसला तरी यात बदाम असण्याची दाट शक्यता आहे. शेफला विचारल्याशिवाय देऊ नका."

विचारण्यासाठी इटालियनमध्ये दोन ओळी लिहून पाठवल्या आणि फोन वेटरच्या हातात द्यायला सांगितलं. त्यात नट्ससाठी 'फ्रुत्ता आ गुशो' हेच शब्द वापरले आणि पुढे काजू, पिस्ता, बदाम, अक्रोड, हेझलनट एकेक नाव घातलं. नुसतं 'नोचि' म्हटलं असतं तर त्याने फक्त अक्रोड समजून मान हलवली असती. जर्दाळूच्या बीचंही वेगळं विचारलं.

बाईंचं उत्तर आलं, "शेफ स्वतः बाहेर आले. अमारेत्ती आहे म्हणाले, बदामाचीच. मेन्यूत आकडा टाकायचा राहिला."

मुलीने शेवटी 'अन्योलोत्ती' खाल्ली. मांस भरलेला पास्ता, वर भाजलेल्या मांसाचा रस. शेफने तिच्यासाठी वेगळ्या पातेल्यात शिजवला. पान्ना कोत्ता, म्हणजे सायीचं गार पुडिंग, चालली असती, पण तिथे तिच्यावर हेझलनटचा सॉस घालतात आणि सॉस काढून उरलेली नको, असं मी ठामपणे सांगितलं. बिल येईपर्यंत बाईंनी पुढच्या दिवसाच्या बेकरीचा फोटो पाठवला होता. या वेळी पानाच्या चारही कडा त्यात होत्या.