हिट रेशो शून्य

तिसऱ्या वर्षाचं ऑपरेटिंग सिस्टिमचं प्रॅक्टिकल. सीमध्ये टीएलबीचं, म्हणजे कोणतं पेज मेमरीत कुठे आहे हे लक्षात ठेवणाऱ्या छोट्या कॅशचं सिम्युलेशन लिहायचं, हिट रेशो, म्हणजे किती पत्ते तिथेच सापडले ते प्रमाण काढायचं आणि त्यावरून इफेक्टिव्ह ॲक्सेस टाइम, म्हणजे दर पत्त्यामागे लागणारा सरासरी वेळ. दरवर्षी घेतो, त्यामुळे मुलं कुठे अडकणार हे बहुतेक वेळा आधीच ठाऊक असतं. त्या दिवशी मात्र एका मुलीने मलाच तासभर खुर्चीत बसवून ठेवलं.

"सर, काहीही केलं तरी शून्यच येतंय," ती म्हणाली. तिचा टीएलबी १६ एंट्रींचा होता आणि जागा भरली की एलआरयू, म्हणजे सर्वांत जास्त वेळ न वापरलेली एंट्री बाहेर. चाचणीसाठी तिने पत्त्यांच्या दोन फाइली केल्या होत्या. पहिलीत १६ पेजेसमधला एकेक पत्ता क्रमाने, तोच फेरा १,००० वेळा. दुसरीत तसंच, पण १७ पेजेस, म्हणजे एंट्री बाहेर काढायचा कोडही चालून बघता येईल. दोन्हींचं उत्तर 0.00.

तिची ओळ वाचली आणि मला वाटलं, सापडलं. `hits` आणि `total` दोन्ही `int`. सीमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की अपूर्णांक गळून पडतो. उत्तर `float`मध्ये ठेवलं तरी भागाकार तोवर होऊन गेलेला असतो. १६,००० पैकी १५,९८४ हिट्स असल्या तरी उत्तर शून्यच. दुरुस्ती सोपी होती:

```c
double h = (double)hits / total;
double eat = h * (T + M) + (1 - h) * (T + 2 * M);
```

`T` म्हणजे टीएलबी शोधायचा वेळ, आम्ही १० नॅनोसेकंद धरला होता. `M` म्हणजे मेमरीचा, १०० नॅनोसेकंद. हिट झाली तर ११०. मिस झाली तर आधी पेज टेबल वाचायला मेमरीत जायचं, मग खऱ्या डेटासाठी पुन्हा, म्हणून २१०.

पुन्हा चालवलं. पहिली फाइल 0.9990, वेळ ११०.१. झकास. दुसरी फाइल 0.0000, वेळ २१०.

आता मात्र मीही खुर्ची ओढून बसलो. एक पेज वाढलं आणि हिट रेशो ९९ टक्क्यांवरून थेट शून्यावर? थोडी घसरण समजू शकतो. मला वाटलं, हिट झाल्यावर त्या एंट्रीची `last` वेळ बदलत नसेल. बदलत होती. पेज नंबर काढताना `addr >> 12` चुकलं असेल. तेही बरोबर होतं.

शेवटी कोड बाजूला ठेवला आणि वहीच्या मागच्या पानावर तीन घरं आखली. पेजेस चार: क, ख, ग, घ. क, ख, ग बसले. घ आला, सर्वांत जुना क, तो गेला. पुढचा पत्ता कोणाचा? कचाच. तो आला आणि ख गेला. पुढे ख हवा. तिने पेन्सिल माझ्या हातातून घेतली आणि पुढच्या दोन ओळी स्वतःच लिहिल्या. दर वेळी नेमकं तेच पेज बाहेर जात होतं जे लगेच पुढे लागणार होतं. तिचा प्रोग्रॅम अचूक होता. १७,००० पैकी १७,००० मिस हेच खरं उत्तर होतं.

मग मी तिला एकच ओळ बदलायला सांगितली: बाहेर कोणाला काढायचं ते `rand() % 16` ठरवू दे. हिट रेशो आला 0.88 च्या जवळपास. हा आकडा कागदावरही निघतो. १७ पैकी एकच पेज कायम बाहेर असतं. मिस झाल्यावर जे पेज काढलं, ते फेऱ्यात पुढे १ ते १६ पावलांवर कुठेही असू शकतं, सरासरी साडेआठ. म्हणजे साडेआठ पत्त्यांमागे एक मिस. मिसचं प्रमाण २/१७, आणि वेळ ११० + १०० × २/१७, साधारण १२१.८ नॅनोसेकंद. एलआरयूचे २१० आणि हे १२२! मिप्स प्रोसेसरांत तर यासाठी `tlbwr` नावाची सूचनाच आहे. ती नवी एंट्री यादृच्छिक जागी लिहिते.

सूत्रातला `2 * M` मात्र एका पातळीच्या पेज टेबलापुरता खरा, हेही तिला तिथेच सांगितलं. चार पातळ्यांचं टेबल असेल आणि त्यातलं काहीच कॅशमध्ये नसेल तर तिथे `5 * M` येतो, आणि तीच मिस ५१० ला पडते.

"मग सर, एलआरयू वाईट?" मी तिला फाइलमध्ये प्रत्येक पत्त्यानंतर स्टॅकच्या एकाच पेजचा पत्ता घालायला लावला. एलआरयू ते पेज कधीच सोडत नाही. हिट रेशो शून्यावरून निम्म्यावर आला. यादृच्छिक पद्धत मात्र त्या पेजलाही अधूनमधून हाकलते. दोन्ही निकाल तिने जर्नलमध्ये लिहिले, आणि वहीचं ते मागचं पानही फाडून सोबत जोडलं.