तांदळाच्या पाकिटासाठी एक छायाचित्र

मावळातल्या भातलावणीची छायाचित्रे मी अनेक पावसाळे काढत आलो आहे. त्यांतले एक छायाचित्र, ज्यात डोक्यावर इरली घेतलेल्या बायका गुडघाभर चिखलात वाकून लावणी करत आहेत, एका तांदूळ विकणाऱ्या कंपनीला आपल्या इंद्रायणी तांदळाच्या पाकिटावर हवे होते. कंपनीच्या खरेदी विभागाकडून थेट मागणीपत्रच आले. रक्कम १८,००० रुपये होती आणि त्याखाली ‘सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी वापर’ असे छापलेले होते. त्याच आठवड्यात त्यांच्या कार्यालयात बैठक ठरली. मार्केटिंगच्या प्रमुख बाई आणि खरेदी विभागाचे अधिकारी असे दोघे समोर होते.

रकमेकडे वळण्याआधी मी मागणीपत्रातल्या एका शब्दाकडे त्यांचे लक्ष वेधले. कामाच्या वर्णनात ‘छायाचित्रण सेवा’ असे लिहिले होते. अधिकारी म्हणाले, “आमच्या संगणकात छायाचित्रकारांसाठी तेवढा एकच प्रकार आहे, त्याने काय फरक पडतो?” फरक मोठा पडतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन छायाचित्र काढले, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला मालक ते काढून घेणारा ठरतो. माझे छायाचित्र मात्र कंपनीने विचारण्याच्या आधीपासून अस्तित्वात होते आणि त्याची मालकी माझ्याकडे होती. उद्या वाद झाला, तर कागदावर ‘सेवा’ दिसावी आणि त्यावरून मालकी त्यांची असल्याचा दावा उभा राहावा, हे मला नको होते. म्हणून ‘अस्तित्वात असलेल्या छायाचित्राच्या मर्यादित वापराचा परवाना’ असे शब्द मी सुचवले आणि ते मान्य झाल्यावरच पुढे बोललो.

त्यानंतर मी त्यांना विचारत गेलो, की छायाचित्र नेमके कशावर येणार, ते छापलेला माल कोणत्या भागात विकला जाणार, किती काळ, आणि इतर कोणाला ते छायाचित्र मी देऊ शकतो की नाही. बाईंनी मनमोकळेपणाने सगळे सांगितले. पाकीट, संकेतस्थळ, समाजमाध्यमे, वर्तमानपत्रातल्या जाहिराती आणि होर्डिंग, संपूर्ण भारत, पाच वर्षे, आणि दुसऱ्या कोणालाही द्यायचे नाही. मी तिथेच वहीत हिशेब मांडला. एका उत्पादनाच्या पाकिटासाठी, महाराष्ट्र आणि गोव्यापुरता, दोन वर्षांचा माझा दर ३०,००० रुपये आहे. संपूर्ण भारतासाठी मी त्यात निम्मी भर घालतो, म्हणजे ४५,०००. संकेतस्थळ आणि समाजमाध्यमांचे १२,००० आणि जाहिराती व होर्डिंगचे ३५,००० धरून बेरीज ९२,००० झाली. पाच वर्षांसाठी मी दोन वर्षांच्या दुप्पट घेतो, त्यामुळे १,८४,०००. त्यावर ते छायाचित्र इतर सर्वांना बंद करायचे असेल तर निम्मी रक्कम आणखी, कारण तेवढ्या काळात त्याच चित्रातून मिळू शकणारे बाकीचे उत्पन्न मी सोडणार असतो. एकूण २,७६,००० रुपये.

खरेदी अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितले, की ६०,००० च्या वर मंजुरी मिळणार नाही. अशा वेळी अनेक छायाचित्रकार आणि चित्रकार सगळे हक्क तसेच ठेवून रक्कम तेवढी खाली आणतात. माझ्या मते तीच गोष्ट या व्यवसायाचे सर्वांत जास्त नुकसान करते, कारण पुढच्या खेपेला त्याच रकमेत तेवढेच सगळे मागितले जाते. दर तसाच ठेवून वापर कमी करत जाणे हा माझा मार्ग आहे. मी विचारले, की येत्या दोन वर्षांत महाराष्ट्र आणि गोव्याबाहेर हा तांदूळ खरोखर जाणार आहे का. बाई म्हणाल्या, की तसा विचार आहे, पण वितरक अजून ठरलेले नाहीत. होर्डिंगचाही निर्णय झालेला नव्हता. दुसऱ्या कोणाला द्यायचे नाही, यामागची त्यांची खरी काळजी एवढीच होती, की दुसऱ्या तांदळाच्या पाकिटावर हेच चित्र दिसू नये. मग पाकिटाचे ३०,००० आणि संकेतस्थळ व समाजमाध्यमांचे १२,००० मिळून ४२,००० झाले. फक्त तांदूळ आणि भातापासून बनवलेल्या पदार्थांपुरती मक्तेदारी, तिची एक तृतीयांश भर, म्हणजे १४,००० धरून ५६,००० रुपयांत व्यवहार बसला. होर्डिंग हवे झाले तर तीन महिन्यांचे २०,००० घ्यायचे, हेही त्याच पत्रात लिहून ठेवले. समाजमाध्यमांवरची पोस्ट जगात कुठूनही दिसते, म्हणून प्रदेशाची अट फक्त पाकिटाला लावली.

खरी अडचण मुदतीवरून आली आणि ती त्यांनीच मांडली. पाकिटाची छपाई ग्रॅव्ह्युअर पद्धतीने होते. प्रत्येक रंगासाठी वेगळे सिलिंडर कोरावे लागते, तो खर्च मोठा असतो, आणि छापलेला रोल एकदम बराच घ्यावा लागतो. दोन वर्षे संपल्याच्या दुसऱ्या दिवशी गोदामातला माल फेकून द्यायचा का, असे अधिकाऱ्यांनी विचारले. प्रश्न अगदी रास्त होता. त्यावर दोन कलमे लिहिली गेली. मुदत पहिल्या छपाईच्या तारखेपासून मोजायची. आणि मुदतीनंतर नवी छपाई बंद, पण छापून झालेली पाकिटे आणखी सहा महिने विकता येतील. शिवाय पुढच्या दोन वर्षांच्या नूतनीकरणाची रक्कम, ४५,००० रुपये, आधीच ठरवली. सिलिंडर कोरून झाल्यावर कंपनी माझ्यावर अवलंबून असते. तेव्हा रक्कम अवाच्या सवा वाढवून त्यांना कोंडीत पकडणे मला पटत नाही, आणि त्यांनाही ही भीती नको होती.

मुदत आणि प्रदेश लिहून ठेवण्याचा आणखी एक अर्थ मी बाईंना समजावून सांगितला. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर संपूर्ण भारत धरला जातो. कलम ३०अ मुळे हेच परवान्यालाही लागू होते. म्हणजे बिलावर नुसते ‘छायाचित्र वापर’ लिहून दिले, तर दोन वर्षांच्या पैशांत पाच वर्षांचा वापर जाऊ शकतो.

चित्रातल्या बायकांबद्दल मी स्वतःहून विषय काढला. त्याच दिवशीच्या दुसऱ्या एका चित्रात एका बाईंचा चेहरा समोरून स्पष्ट दिसतो, आणि कंपनीला खरे तर ते जास्त आवडले होते. बातमीसाठी किंवा लेखासाठी ते मी देतो, पण माल विकण्यासाठी चेहरा वापरायचा तर त्या बाईंची लेखी संमती आणि त्यांना मोबदला हवा, आणि तशी संमती माझ्याकडे नव्हती. इरल्यांमुळे चेहरे झाकलेले चित्रच वापरायचे ठरले.

सही झाली, पैसे जमा झाले आणि ‘परवाना पूर्ण रक्कम मिळाल्यावर सुरू होईल’ या कलमाप्रमाणे मूळ फाइल मी त्यानंतर पाठवली. पाकिटाचा नमुना मला तपासायला दाखवायचा, असेही ठरले होते. तो आला तेव्हा सोबत पोह्यांच्या पाकिटाचाही नमुना होता, आणि त्यावर तेच चित्र होते. डिझायनरने दोन्ही पाकिटे एका घराण्यातली दिसावीत म्हणून ते वापरले असावे; त्यात लबाडी मला दिसली नाही. मी बाईंना फोन करून परवान्यातले ‘एक उत्पादन’ हे शब्द वाचून दाखवले. पोह्यांचे सिलिंडर अजून कोरले गेले नव्हते. दुसऱ्या उत्पादनाला मी पाकिटाच्या दराच्या निम्मे, म्हणजे १५,००० घेतो, असे सांगितल्यावर त्यांनी दोन दिवस मागून घेतले आणि मग मुदत तीच ठेवून पुरवणी पत्रावर सही करून पाठवली.