आमची वाटचाल : दोन फोटो, एक बिल

2017 च्या जुलैत जीएसटी लागू झाला आणि इंदूरच्या रामबागेत आमचं हिशेबाचं छोटं ऑफिस सुरू झालं. गिऱ्हाईक म्हणजे मेसवाले, डबे देणाऱ्या काकू, होस्टेलवाले. त्यांना नुसता बिलाचा आकडा नको असतो. तेल किती गेलं, डाळ किती, असा जिनसवार खर्च हवा असतो. म्हणजे बिलातली प्रत्येक ओळ आमच्या वहीत यायला हवी.

सुपरमार्केटचं महिन्याचं बिल मात्र हातभर लांब. एकाच फोटोत घेतलं तर अक्षरं मुंगीएवढी होतात. "अहो दादा, मावतच नाही, तुकड्यातुकड्यांनीच पाठवते," असं एका काकूंनी सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. तेव्हापासून तुकडे जोडणं हा आमच्या कामाचा मोठा भाग झाला.

आधी फोटोच एकमेकांना चिकटवून पाहिले. मोबाइलचा पॅनोरमा एका जागी उभं राहून कॅमेरा फिरवण्यासाठी असतो. कागदावरून हात सरकवत नेला की ओळी वाकतात. जोडणारी सॉफ्टवेअर दोन्ही फोटोंत सारख्या खुणा शोधतात, पण बिलाची प्रत्येक ओळ दुसरीसारखीच दिसते. त्यात रोलचा कागद गुंडाळी सोडत नाही. परिणाम असा की जोडाजवळची ओळ अर्धी दोनदा दिसते किंवा गायबच होते. म्हणून आम्ही प्रत्येक फोटो वेगळा वाचून घेतो आणि जोडतो त्या ओळी, चित्रं नव्हे.

पहिल्या फोटोच्या शेपटीच्या ओळी दुसऱ्याच्या डोक्याशी कुठे जुळतात, एवढंच पाहायचं. कडेला अर्धी कापलेली ओळ आधी टाकून द्यायची, कारण ती दुसऱ्या फोटोत पूर्ण असते. नावावर फार विसंबत नाही; सावली पडली की एकाच ओळीचं नाव दोन फोटोंत दोन तऱ्हांनी वाचलं जातं. वजन आणि रक्कम जुळवतो. सुट्टा माल इथे फार उपयोगी. 1.242 किलो बटाटे त्या बिलात दुसऱ्यांदा येण्याची शक्यता जवळजवळ नाही, त्यामुळे ती ओळ सापडली की जोड पक्का. नवीन मुलं "सारख्या ओळी उडवून टाकू" म्हणतात. तसं केलं तर खरोखर दोनदा घेतलेली साखरही उडते.

खरी कसोटी पाकिटबंद मालाची. एका बिलात पहिल्या फोटोच्या शेवटी दुधाच्या तीन ओळी होत्या, प्रत्येकी 34 रुपये. दुसऱ्या फोटोची सुरुवात दुधाच्या दोन ओळींनी, पुढे पोहे. आता सामाईक ओळी किती? दोन धरल्या तर दूध तीन पिशव्या, एक धरली तर चार, एकही नाही तर पाच. तिन्ही जोड दिसायला चोख. जास्तीत जास्त जुळणी घ्यावी म्हणून दोन धराव्यात असं मन सांगतं. पण पहिल्या फोटोतल्या ओळींची बेरीज 1246, दुसऱ्यातली 678, मिळून 1924. बिलाखाली छापलेली रक्कम 1890. फरक बरोबर 34, म्हणजे सामाईक ओळ एकच आणि दूध चार पिशव्या. दोन ओळी काढल्या असत्या तर 1856 येऊन हिशेब 34 नं कमी पडला असता.

ही बेरीज लावताना सवलतीच्या वजा ओळी धराव्या लागतात. कर शेवटी वेगळा लावलेला असेल तर करापूर्वीच्या बेरजेशी ताळा घ्यायचा; पैशांतला फरक बहुधा राउंड ऑफचा निघतो. छापलेले नग मोजणं सोपं वाटतं, पण काही मशिनं किलोचे आकडेही नगांतच मिळवतात, म्हणून आम्ही आधी रुपये बघतो.

तीन फोटो असले की मधला सगळ्यात बेभरवशाचा. दुकानाचं नाव आणि बिल नंबर पहिल्यावर, एकूण रक्कम शेवटच्यावर. मधल्याला ओळखच नाही. त्याच दुकानाची दोन बिलं एकदम आली की तो कुठल्या बिलाचा हे सामाईक ओळींवरूनच कळतं. यावर आमची एक साधी युक्ती आहे: फोटो काढण्याआधी बिलावर पेनानं दोन ठिकाणी वेगवेगळ्या खुणा करा, आणि प्रत्येक खूण लागोपाठच्या दोन्ही फोटोंत येऊ द्या. दुधाच्या दहा ओळी असल्या तरी मग शंका राहत नाही. फोटोही त्याच दिवशी काढा. हा थर्मल कागद उष्णतेनं काळा पडतो, आणि मे महिन्यात गाडीच्या काचेमागे ठेवलेल्या बिलावर नंतर वाचण्यासारखं काही उरत नाही.

सामाईक ओळ एकही नसेल तर मात्र जोडत नाही. बेरीज 210 नं कमी आली, तर ती एक जिन्नस असू शकते किंवा तीन. आम्ही फोटो परत मागवतो. बिल फेकलं गेलं असेल तर ती रक्कम "किरकोळ किराणा" म्हणून वेगळ्या ओळीत मांडतो.