नव्वद हजारांचा माग

शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत मी कॉस्टिंगचे काम पाहत होतो, तेव्हाची ही गोष्ट. सप्टेंबरच्या आकड्यांची मासिक आढावा बैठक दुसऱ्या दिवशी होती आणि मेल्टिंग विभागासमोर वीजखर्चाची 2 लाख 40 हजार रुपयांची प्रतिकूल तफावत लाल अक्षरांत उभी होती. त्या विभागाचे सुपरवायझर संध्याकाळी माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "साहेब, माणसं तीच, भट्टी तीच. मग आम्ही दोन-अडीच लाखांची वीज जाळली कुठे?"

बजेट 400 टनांना 28 लाख रुपये, म्हणजे टनाला 7,000 रुपये, असे धरले होते. मागणी घटल्याने सप्टेंबरमध्ये ओतकाम 300 टनच झाले, आणि बिल आले 23 लाख 40 हजार. 300 टनांना 7,000 प्रमाणे 21 लाख होतात. वरचे सगळे मेल्टिंगच्या माथी. हा हिशेब मीच गेली दोन वर्षे असा मांडत आलो होतो, हे कबूल केले पाहिजे. वीजबिलातील डिमांड चार्ज, कंप्रेसर आणि शेडमधील दिवे टनांबरोबर कमी होत नाहीत, हे ठाऊक असूनही टनाचा सरसकट दर सोयीचा म्हणून वापरला जात होता.

तेव्हा स्थिर आणि बदलता खर्च वेगळा काढण्यासाठी मी एक साधी रिग्रेशन रेषा, म्हणजे आलेखावरील सगळ्या महिन्यांच्या ठिपक्यांना सर्वांत जवळून जाणारी सरळ रेषा, काढायला बसलो. B स्तंभात टन आणि C स्तंभात बिलाची रक्कम, असे मागील आर्थिक वर्षाचे बारा आणि चालू वर्षाचे सहा महिने घेतले. एप्रिलमध्ये वीजदर बदलले असल्याने जुन्या महिन्यांची बिले आधी चालू दराने पुन्हा मांडून घेतली. तसे केले नसते, तर दरवाढच वापर म्हणून दिसली असती.

```
=SLOPE(C2:C19,B2:B19)
=INTERCEPT(C2:C19,B2:B19)
```

उत्तर आले ते साधारण 8 लाख स्थिर आणि टनाला 5,000 रुपये. या रेषेवर 300 टनांचा खर्च 23 लाख होतो, म्हणजे तफावत फक्त 40 हजारांची उरते. मला हायसे वाटले आणि "कमी उत्पादनाचा परिणाम" एवढा शेरा लिहून मी फाइल मिटणार होतो.

अडवले ते आलेखाने. जूनपासूनचे चारही ठिपके रेषेच्या वर होते, आणि तेच महिने कमी टनांचेही होते. ज्या महिन्यांची तपासणी करायची, तेच मी रेषा काढताना वापरले होते. त्यांनी रेषेचे डावे टोक वर उचलून धरले होते, त्यामुळे स्थिर खर्च फुगला होता आणि तफावत रेषेच्या पोटात लपली होती. मग मी रेषा केवळ मागील वर्षाच्या बारा महिन्यांवर काढली. त्यात दिवाळीचा 285 टनांचा महिना होता, म्हणून 300 टन रेषेच्या टप्प्याबाहेर जात नव्हते. आता 6 लाख स्थिर आणि टनाला 5,500 आले. 400 टनांना 28 लाखच होतात, म्हणून बजेट बरोबर भासत होते; 300 टनांना मात्र साडेबावीस लाख होतात. म्हणजे दीड लाखाची तफावत केवळ टन घटल्याची होती आणि 90 हजार खरोखरच शिल्लक होते. रेषेपासूनचे अंतर जूनमध्ये 20 हजार, जुलैत 35, ऑगस्टमध्ये 60 आणि आता 90 हजार असे चढत गेले होते. निव्वळ योगायोग असता तर ठिपके कधी वर, कधी खाली पडले असते.

भट्टीच्या मीटरची वही काढली, तर टनाला वापर पूर्वीसारखाच, 630 युनिटच्या आसपास होता. सुपरवायझर खरे बोलत होते. मग बिलाचे मधले पान पाहिले. आमची आकारणी किलोवॅट-तासांवर, म्हणजे मीटरवरच्या प्रत्यक्ष वापरावर नव्हे, केव्हीए-तासांवर होते; त्या वापराला पॉवर फॅक्टरने भागले की ते येतात, आणि हा पॉवर फॅक्टर 0.99 वरून 0.94 पर्यंत उतरला होता. त्या फरकाने टनाला 636 ऐवजी 670 युनिट आकारले जात होते. 300 टनांवर सुमारे दहा हजार युनिट, आमच्या 8 रुपये 65 पैसे दराने जवळजवळ 90 हजार रुपये.

सकाळी इलेक्ट्रिशियनने पॉवर फॅक्टर वर धरून ठेवणारे कपॅसिटर पॅनेल उघडले. काही कपॅसिटर फुगलेले होते, एकातून तेल पाझरून खाली काळा डाग पडला होता. ते एकेक करून निकामी होत गेले होते, म्हणूनच अंतरही हळूहळू वाढत होते.

बैठकीत मी तफावतीचे दोन तुकडे केले आणि मेल्टिंगच्या नावापुढे शून्य लिहिले. ऑक्टोबरसाठी 320 टनांना 23 लाख 60 हजार आणि पॅनेल दुरुस्त होईपर्यंत वर साधारण 90 हजार, असा अंदाज दिला. मालकांनी नवे कपॅसिटर लगेच मागवले. नोव्हेंबरमध्ये 340 टन ओतले गेले. रेषेवर 24 लाख 70 हजार येत होते, बिल आले 24 लाख 80 हजार. सुपरवायझरांनी ते स्वतः आणून माझ्या टेबलावर ठेवले, मधले पान वर काढून.