लॉक नटची चावी हरवलेली गाडी

दारव्हा-कारंजा रस्त्यावरच्या एका गावातून फोन आला, तेव्हा पुढच्या डाव्या चाकाची हवा पूर्ण गेली होती. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. चाकाचे पाचपैकी चार नट सैल झाले आणि पाचवा नट गोल निघाला. वर नक्षीसारखी खाच, पाना धरायला कुठंच कड नाही. अलॉय चाकं चोरीला जाऊ नयेत म्हणून प्रत्येक चाकाला असा एक नट लावतात. त्याची चावी म्हणजे त्याच नक्षीचं छोटं सॉकेट. ती चावी गाडीत नव्हती.

गाडी पुण्याहून आलेल्या जावईबापूंची, मागच्या वर्षी सेकंडहँड घेतलेली. मी जाण्याआधीच त्यांनी डिकीतला जॅकचा फोम, स्टेपनीखालचा खड्डा, डॅशबोर्डचा खण आणि सीटखालची जागा पाहून घेतली होती. चावी बहुतेक याच ठिकाणी असते. आणखी एक ठिकाण कोणाच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे शेवटचं टायरचं काम झालेलं दुकान. चावी तिथल्या नट फिरवणाऱ्या गनच्या सॉकेटमध्ये अडकून राहते आणि पुढच्या गाडीला गन लावताना कोपऱ्यात टाकली जाते. त्यांनी तिथंही फोन लावला, उत्तर आलं, “आमच्याकडे नाही.”

पण नटाची खाच बारकाईनं पाहिली तेव्हा चावी का नाही याचा अंदाज आला. खाचेच्या कडा एका बाजूनं चुरगळल्या होत्या. लॉक नटाची चावी गनवर चढवली की हेच होतं. चावीचे दात बारीक असतात. त्यांना हातानं दाब द्यायचा असतो, गनचे ठोके ते सहन करत नाहीत. बहुधा चावी तुटली आणि कोणी सांगितलं नाही. टायर दुकानातली ही सवय मला चीड आणते. दोन मिनिटं वाचवायला गन लावायची आणि पुढं कुठंतरी शेतरस्त्यावर माणूस अडकतो.

लॉक नटसोबत मिळणारं कोडचं कार्ड असतं तर त्यावरून नवी चावी मागवता आली असती. कार्ड नसेल तर खाचेचा समोरून स्वच्छ फोटो काढून पार्ट्सच्या काउंटरवर जुळवून बघतात. दोन्हींत दिवस जातात, आणि पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी परतायचं होतं.

शेजारचा वेल्डिंगवाला आला होता. “भाऊ, एक नट वेल्ड मारतो त्याच्यावर, पाच मिनिटांत काढून देतो.” उपाय खोटा नाही. लोखंडी चाक असतं तर मीही हो म्हटलं असतं. पण अलॉय चाकात नट खोल छिद्रात बसलेला असतो. वेल्डिंगचे शिंतोडे छिद्राच्या भिंतीला चिकटतात, रंग जळतो, आणि ॲल्युमिनियमला उष्णता लागली की त्या जागेची ताकद कमी होऊ शकते. शिवाय अर्थिंगचा चिमटा चुकून चेसीला लावला, तर करंट चाकाच्या बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खराब होतं. त्याला म्हटलं, “थांब बाप्पा, आधी हातानं पाहू.”

पहिलं काम म्हणजे सैल केलेले चारही नट परत घट्ट केले. चार सैल असले की चाकाचा सगळा दाब त्या एका नटावर येतो आणि तो आणखी आवळल्यासारखा वागतो. गाडी जमिनीवरच ठेवली, हँडब्रेक ओढला, गिअरमध्ये टाकली.

मग व्हर्नियर लावला. नटाचा बाहेरचा व्यास 20.2 मिमी भरला. मी 19 चं बारा कोनांचं सॉकेट निवडलं. बारा कोनी सॉकेटच्या आतल्या दातांच्या समोरासमोरच्या टोकांमध्ये सुमारे 19.7 मिमी अंतर असतं. म्हणजे नट त्यात अर्ध्या मिलिमीटरनं मोठा, ठोकून बसवला की दात लोखंडात रुततात. हा फरक याहून जास्त असेल तर सॉकेट फाटतं, कमी असेल तर घसरतं. सहा कोनी सॉकेटला एवढ्या जागी पकड मिळत नाही. छिद्राची भिंत आणि सॉकेट यांत जेमतेम एक मिलिमीटर जागा होती, म्हणून पाण्याच्या बाटलीचा प्लास्टिकचा तुकडा गुंडाळून भिंतीला लावला. डोळ्यांवर गॉगल लावला, कारण हातपान्याचं चमकदार सॉकेट हातोड्याखाली तुकडे उडवू शकतं.

एक किलोचा हातोडा, सरळ रेषेत पाच ठोके. जास्त मारायचे नाहीत, कारण धक्का हबच्या बेअरिंगपर्यंत पोचतो. सॉकेटचा आवाज खणखणीत होतो तिथं थांबायचं, म्हणजे ते तळाला बसलं. मग दोन फुटी दांडा. त्यावर 50 किलोचा जोर दिला की जवळपास 300 न्यूटन मीटर होतात. कारचे नट साधारण 100 ते 120 ला आवळतात, तरी हा नट पूर्ण जोर दिल्यावरच करकरत फिरला. झटके न देता सलग दाब दिला. नट सॉकेटमध्येच अडकून आला, नंतर मागच्या चौकोनी छिद्रातून पंच मारून तो बाहेर काढला.

स्टेपनी लागली. इथं थांबता आलं असतं. पण उरलेल्या तीन चाकांवरही चावी नसलेले तसेच नट होते आणि पुढचं पंक्चर समृद्धीवर रात्री झालं असतं, म्हणून तेही काढायचं ठरवलं. दोन तसेच निघाले.

चौथा वेगळाच होता, कधीतरी बदललेला. सॉकेट ठोकलं, दांडा ओढला, आणि सॉकेट सहज फिरलं, नट जागेवरच. बाहेरचं कडं मोकळं फिरणारं होतं, असल्या उपायाला चकवण्यासाठीच केलेलं. हे आधी बोटानं किंवा पोगरानं कडं फिरवून पाहायला हवं होतं. मी पाहिलं नाही आणि एक सॉकेट वाया घालवलं.

अशा कड्याला पुढं दुमडलेली बारीक कड असते, तीच त्याला धरून ठेवते. चाकाला जाड टेप लावून, छिद्रात पत्र्याची नळी सरकवून, पेनासारख्या ग्राइंडरच्या बारीक बिटानं ती कड घासली. अर्धा तास गेला. कडं निघालं आणि आतला गाभा दिसला. त्यावर उलट्या आट्यांचं काढणी सॉकेट ठोकलं. डावीकडं ओढलं की त्याचे तिरके दात आणखी रुततात. दुसऱ्या ओढीला नट सुटला. छिद्राच्या आत एक ओरखडा राहिला, नखाला लागेल इतका. मालक म्हणाले दिसत नाही, पण मला तो दिसतो.

स्टड साफ केले, आटे तपासले. चार साधे नट तालुक्यातून मागवले. नवा नट निवडताना आट्यांची जाडी आणि बसायची जागा दोन्ही जुळवावी लागतात. सुझुकीचे आटे 12 बाय 1.25, ह्युंदाईचे 12 बाय 1.5. काही चाकांना शंकूसारखी बैठक लागते, काहींना गोळ्यासारखी. बैठक चुकली की घट्ट वाटलेला नट चालत्या गाडीत सैल होतो. नवा नट बोटांनी पाच-सहा फेरे सहज जायलाच हवा, पाचर बसल्यासारखा वाटला तर पाना लावायचा नाही. शेवटी टॉर्क पान्यानं 110 ला आवळले आणि 50 किलोमीटरनंतर पुन्हा तपासायला सांगितलं.

वेल्डिंगवाल्याचा चौथ्या नटाबद्दलचा प्रश्न अजून डोक्यात आहे. तो म्हणाला, “दादा, फिरतं कडं असताना गाभ्यावर आतून वेल्ड मारला असता तर ओरखडाही आला नसता.” छिद्र खोल, जागा कमी, इलेक्ट्रोड तिथं पोचला असता का, हे मी भंगारातल्या अलॉयवर तसाच नट बसवून पाहणार आहे. रिम मिळाली आहे, फिरत्या कड्याचा नट शोधतोय.